तीन उकळ्यांचा भीमसिंग

भीमसिंगला जगात फार थोडी माणसं पसंत होती, आणि जी होती ती बहुतेक मेलेली होती. जिवंत माणसांबद्दल त्याचं मत एकच. यांना काही येत नाही. कृषी खात्याचा साहेब तांड्यावर येऊन बोंडअळीवर भाषण देऊन गेला, तर भीमसिंग त्याच्या जीपच्या धुळीकडे बघत म्हणाला, यानं जन्मात एक बोंड तरी वेचलं असन काय. बियाण्याच्या रंगीत पाकिटांना तो हसायचा आणि पाकिटं विकत घेणाऱ्यांना त्याहून जास्त हसायचा. त्यात त्याचा पोरगा अमरसिंगही आला. कुकरात भात लावणाऱ्या सुनांना त्यानं 'शिट्टीवाल्या' असं नाव पाडलं होतं. दवाखान्यात जाणारा माणूस तर त्याच्या हिशेबी माणसात जमाच नव्हता.

स्वतःबद्दल मात्र त्याचं मत चांगलं होतं, आणि त्याला कारणही होतं. पांढरकवड्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला एक फाटा फुटतो. त्या फाट्यानं आत गेलं की एकतीस घरांचा तांडा. तिथलं आणि आजूबाजूच्या चार तांड्यांमधलं मोठं जेवण पन्नास वर्षं भीमसिंगच्याच हातचं. लग्न असो, बारसं असो, की समनक असो. समनक म्हणजे देवीला बोकड द्यायचा आणि ते मटण भोग म्हणून साऱ्या तांड्यानं खायचं. भीमसिंगनं चूल मांडली म्हणजे दुसऱ्या कुणी तिच्यात काडी घालायची नाही. मीठ किती, तिखट किती, हे विचारायचं नाही. विचारलं तर तो उत्तर द्यायचा नाही, नुसता बघायचा. त्या बघण्यानं माणूस आपोआप चार पावलं मागं सरायचा.

त्याची एक गोष्ट साऱ्या मुलखाला पाठ होती, ती म्हणजे तीन उकळ्या. उरलेलं अन्न असो, आदल्या दिवशीचं असो, जरासं आंबलेलं असो, भीमसिंग त्याला तीनदा खदखदा उकळी आणायचा, वरून मूठभर तिखट टाकायचा आणि वाढायचा. त्याचा आजा लदेणीवर होता. बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा. वाटेत शिजवलेलं हा आजा तीन-तीन दिवस उकळून खायचा आणि नव्वद वर्षं जगला, असं भीमसिंग सांगायचा. आजाबरोबर निघालेल्या बाकीच्यांचं काय झालं, हे त्यानं कधी सांगितलं नाही. कदाचित त्यालाही ते कुणी सांगितलं नसेल.

ते कापसाचे वाईट दिवस होते. दोन वर्षं अळीनं बोंडं पोखरली होती. तिसऱ्या वर्षी कापूस बरा आला तर तो घ्यायला खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची मैलभर रांग. तांड्यानं ठरवलं की यंदा देवीला बोकड द्यायचा. नोव्हेंबरातला एक रविवार नक्की झाला. पण त्याच्या आदल्या दिवशी केंद्र उघडलं आणि चौदा घरांची माणसं गाड्या भरून पांढरकवड्याला गेली. रविवारी सकाळपर्यंत येतो म्हणून गेली आणि रांगेत अडकली.

भीमसिंग कुणासाठी थांबणाऱ्यांतला नव्हता. देवी काही खरेदी केंद्र नाही, असं म्हणून त्यानं सूर्य उगवायच्या आधी चूल पेटवली. अकरा वाजता मटण तयार झालं.

आता या तांड्याची एक रीत होती, आणि ती भीमसिंगनंच जपली होती. समनकीचं मटण कच्चं वाटायचं नाही, पळीनंही वाढायचं नाही. शिजलं की फोडी रश्श्यातून काढून सागाच्या पानांवर पसरायच्या आणि तांड्यातल्या वडीलधाऱ्यानं हातानं एकतीस वाटे घालायचे. प्रत्येक वाट्यात काळजाचा तुकडा, चरबीचा तुकडा, नळी, सारं सारखं. पळी आंधळी असते, हाताला दिसतं, असं भीमसिंग म्हणायचा. दुसरी रीत अशी की वाटा घरच्या कर्त्या पुरुषानं स्वतः येऊन उचलायचा. बाईच्या हाती द्यायचा नाही. ज्या घरात पुरुष नाही त्या घरी भीमसिंग स्वतः पोचवायचा.

त्यानं वाटे घातले. उजव्या हाताच्या अंगठ्याला त्यानं चिंधी बांधली होती. आठ दिवसांपूर्वी कापूस वेचताना वाळल्या बोंडाचं टोक नखाशेजारी घुसलं होतं, आणि अंगठा नखुरडं होऊन ठसठसत होता. चिंधी रश्श्यात भिजायला लागली तशी त्यानं ती सोडून फेकून दिली. सतरा घरांची माणसं आली, वाटे घेऊन गेली, गरम गरम खाऊन सावलीला आडवी झाली. चौदा वाटे पानांवर तसेच राहिले. दुपार कलली तरी गाड्यांचा पत्ता नाही. शेवटी भीमसिंगनं ते चौदा वाटे परत मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घातले, वरून रस्सा ओतला, झाकण लावलं आणि गंज चुलीवरच कोमट राखेवर राहू दिला. थंड पडलं तर चरबी थिजते, चव जाते, म्हणून रात्री निजायच्या आधी त्यानं राखेत दोन निखारेही सरकवले. मटण सकाळपर्यंत कोमट राहिलं. आपण फार शहाणपणाचं काम केलं, असं त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी त्यानं झाकण काढलं तेव्हा गंजातून बारीकसा आंबूस वास आला. भीमसिंगनं नाक मुरडलं नाही. त्यानं परहाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, वाळल्या काड्या मोडून जाळ केला आणि पहिली उकळी आणली. मग दुसरी. मग तिसरी. चांगला अर्धा तास गंज खदखदत होता. वरून त्यानं तिखट सोडलं, तळलेला कांदा सोडला. वास कुठल्या कुठं गेला. रश्श्यावर लाल तवंग आला. त्यानं डावभर रस्सा आणि दोन मऊ फोडी वाटीत काढल्या आणि तांड्याच्या टोकाला राहणाऱ्या जमनीकडे नेऊन दिल्या.

जमनी त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. घरात दुसरं कुणी नाही, तोंडात दात नाहीत, डोळ्यांनी कमी दिसायचं. तिचा वाटा भीमसिंगच्या घरच्या वाट्यातूनच जायचा, म्हणून तोही गंजातच राहिला होता, आणि कालपासून ती वाट बघत होती. तिनं रस्सा त्याच्यासमोरच पिऊन टाकला आणि वाटी चाटली. साऱ्या तांड्यात भीमसिंगला नावं न ठेवणारी ती एकटीच होती, म्हणून तिच्याबद्दल त्याचं मत इतरांपेक्षा जरा बरं होतं.

तो परत आला तर चुलीशी जया उभी.

जया अमरसिंगची पोरगी, भीमसिंगची नात. नर्सचा कोर्स करून फाट्यावरच्या उपकेंद्रात लागली होती. रविवारी पोलिओचे डोस होते म्हणून ती समनकीला आली नव्हती, याचा राग भीमसिंगच्या पोटात होताच. आज राहिलेल्या पोरांना घरोघरी जाऊन डोस पाजायचे म्हणून ती लसीच्या बर्फाच्या निळ्या डब्याचा पट्टा खांद्याला अडकवून आली होती. तिनं गंजावरचं झाकण उचललं होतं.

तांड्यात माया गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या घरच्या बोलीत होते आणि भांडण वऱ्हाडीत. जयानं तोंड उघडलं तेच वऱ्हाडीत, तेव्हा काय ते भीमसिंगला कळलं.

"दादा, हे कालचं हाय ना?"

तांड्यात आजोबाला दादा म्हणतात. दादानं उत्तर दिलं नाही, नुसतं बघितलं. पण जया मागं सरली नाही. ती त्याचीच नात होती, बघणं तिलाही येत होतं. तिनं त्याचा हात धरून अंगठा उजेडात फिरवला. नखाच्या कडेनं पिवळा पू दिसत होता.

"वाटे याच हातानं घातले?"

"मंग काय तुह्या हातानं घालू? तू तं सरकारच्या घरी गेलती."

"अन् बाया सांगत व्हत्या, रातभर निखारे घालून राखेवर ठेवलं. दादा, हे कोणाले देऊ नको. फेक."

फेक हा शब्द ऐकून भीमसिंग हसला. राग आला म्हणजे तो आधी हसायचा. भोगाचं मटण फेकायला सांगणारी पोरगी तांड्यात पहिल्यांदाच जन्मली, असं तो चुलीला उद्देशून म्हणाला, कारण जया त्याला उत्तर देण्याच्या लायकीची वाटत नव्हती. तीन उकळ्या दिल्यात, वास घेऊन बघ म्हणाला. जयानं वास घेतला. वास चांगला होता.

ती म्हणाली, "वास तिखटानं झाकला. सकाळी जो आंबूस आला असन तो वेगळ्या जंतूचा. तुह्या अंगठ्यातल्या जंतूले वासच नसते. चव बी नसते."

"जंतू मेले. उकळ्यात एक बी वाचला असन तं काढून दाखव मले."

"मेलेच. मी कुठं म्हणते वाचले? ऐक तं खरं. पुवातले जंतू तुह्या हातानं शिजलेल्या मटणात गेले. कोमट जागा, खायले मटण, रातभर वेळ. एकाचे दोन, दोनाचे चार, असे लाखानं वाढले. वाढता वाढता त्याईनं मटणात जहर सोडलं. आता तू जाळ केला, जंतू मेले. पण जहर काही जित्तं नाई का मरन. ते तापानं मोडत नाई. अजून तासभर उकळ, तरी ते तिथंच."

भीमसिंगनं विडी शिलगावली. पोरगी वाचलेलं बोलते आहे, हे त्याला दिसत होतं. वाचलेलं बोलणाऱ्या माणसाला एका वाक्यात कसं आडवं करायचं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, काल याच गंजातलं, याच हाताचं सतरा घरांनी खाल्लं, त्यातला एक तरी मेला काय?

हा प्रश्न त्यानं फार जपून ठेवला होता. पण जया अडली नाही.

"त्याईनं उतरलं तसं गरम खाल्लं. तवा जंतू पडले असन तं मोजके. जहर व्हायले वेळ लागते, दादा. त्या सतरा घराईनं वेळ देल्ला नाई. तू काल अकरापासून आज सकाळलोक देल्ला, वरून निखारे देल्ले."

"तुह्या त्या डब्यात बरफ हाय ना? मंग ठेव माहा गंज त्यात."

"काल ठेवला असता तं बरं झालं असतं," जया म्हणाली. "आज नाई. आज बरफ बी उपेगाचा नाई अन् जाळ बी. साप चावला अन् मंग तू त्या सापाले ठेचला, तं चावलेल्याच्या अंगातलं जहर उतरते काय?"

भीमसिंगला बाप आठवला. त्याच्या बापाला साप चावला होता आणि साप त्यानंच ठेचला होता. बाप दुसऱ्या दिवशी गेला. पण ते आठवलं हे जयाला दिसू नये म्हणून त्यानं विडीचा मोठा झुरका घेतला आणि म्हणाला, उकळलेला साप कोणाला चावल्याचं त्यानं अजून ऐकलं नाही.

जयानं कपाळाला हात लावला. मग आवाज उतरवून सांगितलं की सगळीच जहरं अशी टणक नसतात, काही उकळून मोडतातही. पण गंजात कोणतं आहे हे डोळ्याला दिसत नाही. तुला दिसत नाही, मला दिसत नाही, मोठ्या डॉक्टरला बघून सांगता येत नाही. म्हणून शंका आली की टाकायचं, एवढंच. खाल्लं तर तासात नाही तर सहा तासांत उलट्या, पोटात कळा. जवान माणूस एका दिवसात उठतो. म्हाताऱ्याचं आणि पोटुशीचं सांगता येत नाही. आणि वाट बघणाऱ्या चौदा घरांत दोन पोटुशा आहेत.

"यातलं कोणाले देल्लं तं नाई अजून?"

"नाई," भीमसिंग म्हणाला.

हे खोटं त्यानं विचार करून सांगितलं नाही. जमनीचं नाव घेतलं तर पोरगी तिच्या झोपडीपर्यंत धावत जाईल, साऱ्या तांड्याला दिसेल, आणि भीमसिंगच्या चुलीवर नर्सबाईनं पहारा बसवला असं होईल, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि तोंडून गेलेला शब्द परत घ्यायची त्याला सवय नव्हती. उलट या मटणानं काही होत नाही हे दाखवायला त्यानं डाव उचलला, वाटीभर मटण काढलं आणि जयाच्या डोळ्यांत बघत उभ्या उभ्या खाल्लं. जयानं हात धरला तर त्यानं तो झटकला. नळीही चोखली, आवाज करून.

"हे पाय. जित्ता हावो."

जयानं फक्त घड्याळात बघितलं. साडेनऊ झाले होते. पोलिओची घरं उरकून बाराच्या आत येते, तोवर कुणाला एक थेंब देऊ नको, एवढं सांगून ती निघाली. जाता जाता पाण्याला आलेल्या बायांनाही तिनं सांगितलं. बायांनी मान हलवली. पण भीमसिंगनं वाढलं तर नाही म्हणायची छाती त्यांच्यापैकी एकीचीही नव्हती, आणि हे भीमसिंगला, बायांना आणि जयाला, तिघांनाही माहीत होतं.

दोन तास भीमसिंग गंजाशेजारी बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो जयाची गोष्ट सांगत होता. चार बुकं शिकली म्हणजे माणसाला पुवातसुद्धा सैन्य दिसायला लागतं, असं तो म्हणत होता, आणि लोक हसत होते. साडेअकराच्या सुमाराला तो हसायचा थांबला. तोंडात पाणी सुटत होतं. आधी त्याला वाटलं, विडी जास्त झाली. मग पोटात खालून कुणीतरी दोरी ओढल्यासारखी कळ आली.

चुलीमागं गेल्या सालच्या परहाटीचा ढीग होता. भीमसिंग लघवीला जातो असं दाखवत त्याच्यामागं गेला आणि ओकला. असं की सकाळचं सारं आलं आणि वर कालचंही आलं. अंगाला घाम फुटला. त्यानं पायानं माती लोटून ते झाकलं, तोंड पुसलं, आणि परत येऊन बसला. पाव तासात त्याला पुन्हा जावं लागलं.

तिसऱ्यांदा तो ढिगामागं वाकलेला असताना घुंगरांचा आवाज आला. गाड्या आल्या होत्या.

चौदा घरांची माणसं दोन रात्री रांगेत काढून आली होती. केंद्रावर चहा आणि पाव, दुसरं काही नाही. कापूस गेला होता, तोंडावर थोडं हसू होतं आणि भूक तर डोळ्यांतून दिसत होती. बैल सोडायच्या आधी त्यांनी गंजाकडे बघितलं. अमरसिंगनं बापाच्या पाया पडून म्हटलं, बा, वाटा राखला ना? बायांनी थाळ्या आणल्या. चौदा थाळ्या चुलीभोवती अर्ध्या वर्तुळात मांडल्या गेल्या. त्या दोन पोटुशा बाया मागं उभ्या होत्या, कारण आपल्या नवऱ्यानं वाटा उचलल्याशिवाय त्यांना मिळणार नव्हता.

जया धावत आली. तिनं बापाला सांगितलं, हे खाऊ नका. अमरसिंग थकलेला होता. म्हणाला, दादानं उकळलं ना? मग दादाला विचार. आणि सारे भीमसिंगकडे बघायला लागले.

भीमसिंग चुलीच्या दगडावर बसला होता. चेहरा राखेसारखा झाला होता, पण राखेजवळ बसलेल्या माणसाचा तसा दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. जयाला मात्र वाटलं. तिची नजर त्याच्या कपाळावरच्या घामावर गेली, तिथून पायाला चिकटलेल्या ओल्या मातीवर गेली. ती काही बोलली नाही. भीमसिंगला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं. मग तिच्यावर ओरडता आलं असतं.

डाव त्याच्या हातात होता. त्याला एवढंच करायचं होतं. वाढायचं, किंवा नाही वाढायचं. वाढलं तर पन्नास वर्षांचं नाव तासभर टिकलं असतं. नाही वाढलं तर ते आत्ता, चौदा थाळ्यांसमोर, एका पोरीच्या हातून गेलं असतं. त्याच्या पोटात पुन्हा दोरी ओढली गेली. त्यानं त्या दोन पोटुशांकडे बघितलं, मग थाळ्यांकडे, आणि मग त्यानं जे केलं ते फक्त त्यालाच सुचलं असतं.

तो उठला आणि गंजाला लाथ मारली.

मटण राखेत सांडलं. रस्सा चुलीत जाऊन फसफसला.

"भोग दिवस उलटून येणाऱ्याईसाठी नसते," भीमसिंग म्हणाला. "देवी काल व्हती. तुम्ही काल कुठं व्हते? रुपये मोजत व्हते. आता बेसन-भाकर खा. खड्डा खंदा अन् हे मातीले द्या. कुत्र्याच्या तोंडी गेलं तं मले सांगू नका."

अमरसिंगच्या जबड्याची शीर ताठ झाली. दोन रात्री उपाशी राहून आलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे फार झालं, आणि भीमसिंगनं ते मुद्दाम फार केलं होतं. माणसं त्याला शिव्या देत असती तोवर त्यांना दुसरं काही सुचलं नसतं. कुणीतरी कुदळ आणली. खड्डा खणला गेला. भीमसिंगच्या नावाला धक्का लागला नाही. तो आहे तसाच माजोरी आहे, एवढंच सिद्ध झालं, आणि ते तर साऱ्यांना आधीच माहीत होतं.

तो ताठ चालत घराच्या मागच्या सावलीत गेला आणि भिंतीला धरून खाली बसला. जया मागोमाग आली. तिनं तांब्यात मीठ-साखरेची पुडी फोडली, पाणी ढवळलं आणि त्याच्यापुढं धरलं. किती वेळा, असं तिनं विचारलं. त्यानं बोटं वर केली, चार. ती म्हणाली, घोट घोट पी, एकदम पिऊ नको. तिच्या आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं, आणि त्यामुळे भीमसिंगला ते जास्त लागलं.

त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग तांब्या बाजूला ठेवला.

"जमनीकडं जा," तो म्हणाला.

"काहून?"

"तिले देल्लं. सकाळी. तुह्या आंधी."

जया त्याच्याकडे बघत राहिली. ते बघणं भीमसिंगचंच होतं, त्यानंच घरात आणलेलं. पन्नास वर्षांत त्याच्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. मग ती पळाली.

जमनी दारातच पडलेली होती. अंगाखालची जमीन ओली, ओठ कोरडे, नाडी बारीक. उपकेंद्राच्या पुड्यांवर भागणारं नव्हतं. घोट दिला की ती परत ओकत होती. फाट्यावर किसनराव नावाचा माणूस प्रवासी जीप चालवायचा. त्याला अमरसिंगनं बोलावून आणलं, आणि तिला मागच्या बाकावर आडवी घातली. तेव्हा माणसं विचारायला लागली, हिला काय झालं? काल तर चांगली होती. हिनं काय खाल्लं?

भीमसिंगनं घरामागून यायची गरज नव्हती. जया सांगणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. जमनीत बोलायचं त्राण नव्हतं. पण तो आला, भिंतीला, मग गाडीच्या चाकाला, मग माणसांच्या खांद्यांना धरत आला.

"म्या देल्लं तिले. त्याच गंजातलं. म्या बी खाल्लं, म्हणून अशी माही गत झाली." मग थोडं थांबून, कुणाकडेही न बघता म्हणाला, "भोग-बिग काही नाई. ते मटणच जहर व्हतं."

खड्ड्यावर माती लोटणाऱ्याचा हात थांबला. अमरसिंगनं बापाला उचलून जीपमध्ये जमनीच्या पायाशी बसवलं.

दवाखान्यात जमनीला बाटली लावली. डॉक्टरनं रात्रभर ठेवून घेतो म्हणून सांगितलं. वेळेत आणलं, नाहीतर या वयात अवघड होतं, असंही सांगितलं. भीमसिंगलाही लावली. तो दवाखान्यातल्या खाटेवर जन्मात पहिल्यांदा आडवा झाला, आणि पंखा आवाज करतो, चादरीला फिनेलचा वास येतो, असं दोनदा बोलून दाखवलं. काय खाल्लं, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा त्यानं काही न लपवता सारं सांगितलं. अंगठाही दाखवला. डॉक्टरनं तो चिरून पू काढला आणि पांढरी पट्टी बांधली.

किसनराव जीपचं भाडं सोडून आपुलकीनं दारात थांबला होता. तो भीमसिंगच्या हातचं किती लग्नांत जेवला होता याची गणती नव्हती. त्याला ही गोष्ट काही केल्या पटत नव्हती. तो खाटेजवळ येऊन हळूच म्हणाला, भीमसिंगभाऊ, पण तुम्ही तं तीन उकळ्या देल्ल्या असन ना? उकळल्यावर कसं काय?

भीमसिंगनं मान वळवली. अंगात त्राण नव्हतं, पण डोळे जाग्यावर आले होते. त्यानं किसनरावकडे तसंच बघितलं जसं तो जगातल्या साऱ्या अडाणी माणसांकडे बघत आला होता.

"फवारणीचं औषध उकळलं तं त्याचं दूध होते काय?" तो म्हणाला. "जंतू मरते, त्याची घाण मरत नाई. एवढं समजत नाई अन् गाडी चालवते."